तलावाची किंमत रुपयांत काढताना: नागपूरच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न: मी नागपुरात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते. शहराच्या हद्दीलगतच्या एका जुन्या तलावाच्या परिसंस्था सेवांचे आर्थिक मूल्य काढायचा प्रकल्प आहे. तलावाच्या उथळ भागात भराव टाकून लेआउट पाडायचे चालले आहे. सर म्हणतात, प्रति हेक्टर दर घ्या, क्षेत्रफळाने गुणा, कोटींचा आकडा आला की लोक ऐकतील. हे बरोबर आहे का? आणि त्या आकड्यावर किती विसंबायचे?

उत्तर:

प्रति हेक्टर दराने सुरुवात करू नका. तो दर बहुधा कुठून येतो ते माहीत असू द्या. १९९७ साली रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी साऱ्या पृथ्वीच्या परिसंस्था सेवांची किंमत वर्षाला ३३ ट्रिलियन डॉलर काढली. त्यात पाणथळ जागांचा सरासरी दर हेक्टरी १४,७८५ डॉलर होता. तो निरनिराळ्या देशांतल्या दलदली, खारफुटी आणि पूरमैदानांवरच्या अभ्यासांतून आला होता. तुमच्या तलावातला ढिवर, तिथला शिंगाडा, पाळीखालची वस्ती यांचा त्या सरासरीशी काहीही संबंध नाही. शिवाय सरासरी दराने गुणले की पहिला हेक्टर बुजवला काय आणि शेवटचा बुजवला काय, नुकसान सारखेच निघते. तलाव तसा वागत नाही.

आधी प्रश्न नीट मांडा. ‘तलावाची किंमत किती’ याला उत्तर नाही, कारण अख्खा तलाव नाहीसा करायचा प्रस्ताव कोणी ठेवलेला नाही. प्रस्ताव उथळ भाग भरायचा आहे. म्हणजे दोन स्थिती समोर ठेवायच्या, आजची आणि भरावानंतरची, आणि दोन्हींतला फरक मोजायचा. समजावण्यासाठी मी काही आकडे धरतो. ते कुठल्याही खऱ्या तलावाचे नाहीत, तुमचे तुम्हाला जागेवर जाऊन काढावे लागतील. तलाव पूर्ण भरल्यावर ४० हेक्टर, त्यातला वरचा उथळ भाग १२ हेक्टर. हा भाग पावसाळ्यात गुडघा-कमरेइतक्या पाण्याखाली असतो आणि उन्हाळ्यात उघडा पडतो. उघडा पडतो म्हणूनच त्याच्यावर डोळा असतो, कारण मे महिन्यात साइट दाखवायला नेले की ती नुसती जमीन दिसते.

मासळीपासून सुरू करू, कारण तिला बाजारभाव आहे आणि ती सोपी वाटते. मत्स्यसंस्थेला तलाव ठेक्याने मिळालेला आहे असे धरा. हेक्टरी ३०० किलो, म्हणजे १२ टन मासळी, तलावाच्या काठावर भाव १३० रुपये. एकूण १५ लाख ६० हजार. बरेच अहवाल इथेच थांबतात, पण ही विक्री झाली, मूल्य नव्हे. यातून बोटुकलीचे दीड लाख आणि जाळी-डोंग्याचे एक लाख वजा करा. वीस घरे वर्षाला शंभर दिवस राबतात, त्यांची मजुरी ४०० रुपयांनी धरली तर आठ लाख. उरले पाच लाख दहा हजार. ठेक्याची रक्कम वजा करू नका. ती ढिवरांच्या खिशातून सरकारी खात्यात जाते, समाजाच्या हिशोबात नाहीशी होत नाही.

आता ती मजुरी पाहा. ४०० रुपये तेव्हाच बरोबर, जेव्हा त्या दिवशी त्या माणसाला दुसरीकडे ४०० चे काम मिळाले असते. पन्नाशीच्या ढिवराला नागपूरच्या बांधकामावर रोज काम मिळते का? मिळत नसेल आणि तुम्ही २०० धरले, तर शिल्लक पाचावरून नऊ लाख दहा हजारांवर जाते. मासे तेवढेच, तलाव तोच. एका गृहीतकाने मूल्य जवळजवळ दुप्पट झाले. हे अहवालात उघड लिहा. आणि गृहीत धरण्याआधी त्या वीस घरांत जाऊन विचारा की तलावावर नसता तर त्या महिन्यांत काय केले असते.

भरावाने या मासळीतले किती जाईल? १२ हेक्टर म्हणजे क्षेत्राचे ३० टक्के, म्हणून मासळीचेही ३० टक्के, असे लिहायचा मोह होतो. कटला, रोहू, मृगळ यांच्यापुरते ते एक वेळ चालेल. ही मासळी साठलेल्या पाण्यात वीण करत नाही, तिला वाहते पाणी लागते, म्हणून तिचे बीज दरवर्षी बाहेरून आणून सोडावे लागते. पण मरळीचे तसे नाही. ती उथळ पाण्यात, गवता-पाणकणसात जागा साफ करून अंडी घालते आणि पिल्लांची राखण करते. उथळ भाग गेला की मरळ ३० टक्क्यांनी घटत नाही, तिचे घरच जाते. तिच्यासारख्या गावठी माशांची मोठी अडचण अशी की त्यातले बरेच ठेक्याच्या वहीत चढत नाहीत. बाया-पोरे गळाने किंवा छोट्या जाळ्याने धरतात आणि संध्याकाळी घरच्या चुलीवर शिजवतात. संस्थेच्या नोंदींवर विसंबलात तर हा मासा तुमच्या हिशोबात शून्य येईल. पावसाळ्यानंतर आठवड्यातून एकदा दहा-बारा घरांत ‘काल कालवणात काय होते’ एवढे विचारत राहा, चित्र स्पष्ट होईल. वर्षाला ९०० किलो, भाव ३०० रुपये धरला तर पावणेतीन लाख होतात. सोडलेल्या मासळीतले दीड ते पावणेतीन लाख त्यात मिळवा. म्हणजे मासळीचे नुकसान वर्षाला सव्वाचार ते साडेपाच लाख. उथळ भागातले गाळपेरीचे हरभरा-लाखोरी, शिंगाडा आणि गुरांचा चारा यांचे दोन लाख वेगळे धरू.

पुराचे मूल्य काढताना सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे जरा थांबतो. नेहमीची रीत अशी: उथळ भागात सरासरी ८० सेंटिमीटर पाणी मावते, १२ हेक्टर गुणिले ०.८, म्हणजे ९६,००० घनमीटर पूर अडला. हे चूक आहे. पूर येतो त्या दिवशी ती जागा रिकामी असेल तरच तिच्यात पूर मावेल. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत रातोरात पाणी शिरले. सप्टेंबरअखेर आपल्याकडचे तलाव तुडुंब असतात. तुडुंब तलावाच्या पोटातले पाणी पूर अडवत नाही. अडवतो तो फक्त सांडव्याच्या माथ्यावरचा थर, जो तलाव काही तास अंगावर घेतो आणि हळूहळू सोडतो.

तो थर अर्धा मीटर धरा. ४० हेक्टरवर दोन लाख घनमीटर होतात, २८ हेक्टरवर एक लाख चाळीस हजार. फरक ६०,००० घनमीटर. म्हणजे उथळ भागाची पुरापुरती किंमत त्याच्या खोलीवर ठरत नाही, पसरटपणावर ठरते. भराव टाकणारे म्हणतात ना, ‘तिथे पाणी असतेच किती’? त्याचे उत्तर हे आहे. हे तपासायला सांडव्याची लांबी, माथ्याची पातळी आणि पुराच्या रात्री पाणी कुठवर चढले होते याच्या भिंतींवरच्या खुणा लागतात. पावसाळा संपताच त्या खुणा मोजून घ्या, नंतर चुना लागतो आणि पुरावा जातो.

६०,००० घनमीटरचे रुपये करायच्या दोन वाटा आहेत. एक, तेवढाच पूर अडवणारे कृत्रिम कुंड बांधायचा खर्च. घनमीटरला ५०० रुपये धरले तर तीन कोटी. दुसरी, टळलेले नुकसान. पाळीखाली २०० घरे, एका पुरात घरामागे एक लाखाचे नुकसान, आणि भरावामुळे तसा पूर २५ वर्षांतून एकदाऐवजी १५ वर्षांतून एकदा येऊ लागला, तर वर्षाला सरासरी सव्वापाच लाखांचे नुकसान वाढले. पुढच्या सगळ्या वर्षांचे हे नुकसान वर्षाला पाच टक्के दराने कमी करत आजच्या रुपयांत आणले तर साधारण एक कोटी सात लाख.

तीन कोटी की एक कोटी? तीन कोटी छापायची फार इच्छा होते. पण पर्यायी बांधकामाचा खर्च मूल्य म्हणून वापरायला तीन अटी आहेत: पर्यायाने तीच सेवा मिळाली पाहिजे, तो सर्वांत स्वस्त पर्याय असला पाहिजे, आणि सेवा गेली तर लोकांनी खरोखर तेवढा खर्च केला असता असे दिसले पाहिजे. एक कोटीचे नुकसान टाळायला तीन कोटींचे कुंड कोणी बांधणार नाही. तिसरी अट मोडली, म्हणून लहान आकडा घ्यायचा. ‘तलाव इतक्या कोटींचे काम फुकटात करतो’ अशी जी विधाने आपण वाचतो त्यांतली पुष्कळशी या तिसऱ्या अटीवर टिकत नाहीत. समोरच्या बाजूचा अर्थतज्ज्ञ हेच पहिले पकडतो.

लहान आकडा घेतला म्हणजे तो न्याय्य झाला असे नाही. घरामागे एक लाख हे कुठून आले? पक्क्या बंगल्यात फ्रिज, सोफा, तळघरातली गाडी भिजते आणि नुकसान पाच लाख होते. नाल्याकाठच्या टिनाच्या घरात दोन गाद्या, शिलाई मशीन, रेशनचे धान्य आणि पोरांची पुस्तके वाहून जातात, पंचवीस हजारांत मामला संपतो. टळलेल्या नुकसानीचा हिशोब सांगतो की बंगल्याला वाचवणारा तलाव वीसपट मौल्यवान. पण शिलाई मशीन गेलेल्या घराला सावरायला किती महिने लागतात ते या पद्धतीला दिसत नाही. म्हणून रुपयांच्या शेजारी घरांची संख्या आणि ‘पूर्वपदावर यायला किती दिवस’ हे दोन रकाने ठेवा. त्यांची बेरीज करू नका.

आता सांडपाणी. तुमच्या तलावात वरच्या वस्तीचा नाला मिळत असणारच. पाणवनस्पती आणि गाळातले जिवाणू त्यातले नत्र-स्फुरद काही प्रमाणात काढतात. तेवढे शुद्धीकरण प्रकल्पात करायला जो खर्च येईल तो तलावाचे मूल्य म्हणून लिहिला जातो. या रीतीने जितका जास्त मैला येईल तितका तलाव ‘मौल्यवान’ होत जातो. जलपर्णीने झाकलेला, मासे मेलेला तलाव कागदावर सर्वांत किमती निघेल. पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत सांडपाण्याची सेवा खरी आहे, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या भेडी नावाच्या उथळ मत्स्यतळ्यांत सांडपाणी मोजून सोडतात, उन्हात मुरू देतात आणि त्यावर मासे पिकवतात. आपल्याकडे नाला थेट येऊन पडतो. ती सेवा नव्हे, तलावावर लादलेला बोजा आहे. शिवाय हेच पाणी मासळीचे मूल्य खाते, म्हणजे मासळी आणि शुद्धीकरण दोन्ही पूर्ण धरून बेरीज केली तर एकाच वेळी शक्य नसलेल्या दोन गोष्टी जोडल्यासारखे होते. मी हा रकाना पैशांत भरतच नाही. नाल्याच्या तोंडाशी आणि सांडव्यापाशी पाण्याचे नमुने घेऊन फरक मिलिग्रॅममध्ये लिहितो.

बेरीज करून पाहू. मासळी सुमारे पाच लाख, पूर सव्वापाच, गाळपेर-शिंगाडा-चारा दोन. वर्षाला बारा लाखांच्या आसपास नुकसान. कायमचे धरले तर दहा टक्के दराने आजची किंमत १.२ कोटी, पाच टक्क्यांनी २.४ कोटी, दोन टक्क्यांनी ६ कोटी. कुठला दर घ्यायचा हे तलाव सांगू शकत नाही. आठ टक्के दराने पन्नास वर्षांनंतरचा एक रुपया आज दोन पैशांचा ठरतो, म्हणजे तुमच्या नातवंडांच्या वेळचा पूर आज हिशोबातून पुसला जातो. हा निर्णय नैतिक आहे, पण तो तक्त्याच्या खालच्या ओळीत बारीक अक्षरांत बसवलेला असतो. तिन्ही दर दाखवा.

आणि आता समोरच्याचा हिशोब. १२ हेक्टर म्हणजे सुमारे १२ लाख ९० हजार चौरस फूट. रस्ते-मैदाने सोडून साठ टक्के प्लॉट आणि दर दीड हजार धरला तर ११६ कोटी. तुमचे सर ज्या आकड्याने लोक ऐकतील म्हणतात, तो अत्यंत उदार दरानेही सहा कोटी होतो. तुम्ही रुपयांचे मैदान निवडले आणि त्याच मैदानावर हरलात. शहरालगतच्या बहुतेक तलावांचे हेच होईल. कारण प्लॉटची किंमत एकाच्या खिशात रोख येते. तलावाचे फायदे वीस ढिवर घरे, दोनशे पाळीखालची घरे, पाळीच्या झिरप्यावर चालणाऱ्या विहिरी आणि अजून न जन्मलेली माणसे यांच्यात वाटलेले असतात, आणि त्यातले बरेचसे बाजारात येतच नाहीत. ११६ कोटींतला एक हिस्सा तर ‘लेक व्ह्यू’चाच असतो.

मग जे बाजारात येत नाही त्यासाठी लोकांना थेट विचारायचे, ‘हा तलाव राखायला वर्षाला किती द्याल?’ या पद्धतीतला घोटाळा एका अमेरिकी अभ्यासाने दाखवून दिला. तेलाच्या तळ्यांत पडून मरणारे पक्षी वाचवायला किती द्याल, असे लोकांच्या तीन गटांना विचारले. पक्षी २,००० सांगितले तेव्हा सरासरी उत्तर ८० डॉलर, २०,००० सांगितले तेव्हा ७८, दोन लाख सांगितले तेव्हा ८८. लोक पक्षी मोजून उत्तर देत नव्हते, कळवळा सांगत होते. कळवळा खराच असतो, पण त्याला गुणाकार लागू होत नाही.

भंडाऱ्याकडच्या एका मालगुजारी तलावावर मी अशीच प्रश्नावली घेऊन बसलो होतो. शिंगाडे सोलणाऱ्या एक मावशी, बोटे सालीने काळी झालेली, हातातला विळा न थांबवता म्हणाल्या, “आमी तलाव इकाले काढला का जी? मंग भाव कायले इचारता?” प्रश्नावलीच्या नियमाप्रमाणे अशा उत्तराला निषेधाचे उत्तर म्हणतात आणि सरासरी काढण्याआधी ते वगळतात. त्या दिवशीच्या कागदांत अशी उत्तरे बरीच होती. म्हणजे ज्यांनी सर्वांत स्पष्ट उत्तर दिले तेच विश्लेषणातून बाहेर. तुम्ही ती वगळू नका. किती जणांनी किंमत सांगायला नकार दिला, त्यांतले किती तलावावर जगतात, आणि त्यांनी कारण काय दिले, याचा स्वतंत्र तक्ता करा. माझ्या मते तुमच्या प्रबंधातला तो सर्वांत मोलाचा तक्ता असेल.

त्या मावशींचे म्हणणे कायद्यातही सापडते. २०११ साली जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावतळ्याची जागा भरून लोकांनी घरे बांधली होती. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना उठवण्याऐवजी जागेची किंमत वसूल करायचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो चुकीचा ठरवला, अतिक्रमण काढायला सांगितले आणि पैसे घेऊन अशा जागा नियमित करता येणार नाहीत हे सर्व राज्यांना कळवले. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीही १९९२ मध्ये उच्च न्यायालयाच्या मनाई आदेशाने वाचल्या. याउलट प्रकल्पांसाठी दिल्या जाणाऱ्या वनजमिनीचे पाहा. २००८ मध्ये हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख रुपये असे निव्वळ वर्तमान मूल्याचे दर ठरले. हेतू जंगलाची किंमत ओळखण्याचा होता, पण प्रकल्पवाल्यांच्या अंदाजपत्रकात ती एक भरायची रक्कम होऊन बसली. ‘तलाव सहा कोटींचा’ असे तुम्ही लिहिलेत तर सहा कोटींचा धनादेश घेऊन कोणी तरी येईल, हे धरून चाला.

एक अडचण आधीच सांगतो. २०१७ चे पाणथळ नियम तुमच्या मदतीला येतीलच असे नाही. सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे त्या नियमांच्या व्याख्येतून वगळले आहेत, आणि विदर्भातले बहुतेक जुने तलाव मुळात सिंचनासाठीच बांधलेले. म्हणून जमिनीच्या नोंदी महत्त्वाच्या. तलाठ्याकडून उथळ भागाच्या सर्व गटांचे सातबारे, जुना निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मिळवा. मासेमारी, चारा, शिंगाडा, पाणी यांवर गावाचे कोणते हक्क नोंदले आहेत ते त्यात असते.

प्रबंधाची रचना मी अशी ठेवीन. पहिल्या प्रकरणात या नोंदी आणि पूररेषा, म्हणजे काय करता येत नाही ते. त्यानंतर मासळी आणि पूर यांचे रुपये, प्रत्येकी कमीत कमी आणि जास्तीत जास्त, गृहीतकांसकट. ढिवरांना भरपाई देताना किंवा सांडव्याच्या दुरुस्तीसाठी निधी मागताना हे आकडे खरोखर कामाला येतात, कारण तिथे प्रश्न छोटा आणि नेमका असतो. पाण्याची प्रत, मरळीची वीण, पक्षी आणि नकार देणारी माणसे आपापल्या एककांत. शेवटच्या पानावर एकूण बेरजेची ओळ ठेवू नका. सर मागतील. तेव्हा मजुरी ४०० ची २०० केल्यावर आणि दर दहाचा दोन केल्यावर बेरीज कुठून कुठे जाते तो तक्ता त्यांच्यासमोर ठेवा, आणि यातली कुठली ओळ छापायची ते त्यांनाच विचारा.